गाळलेल्या जागेत 'करायली' कुठं बसते?

इंग्रजी शिकायला लागलेल्या मुलांच्या वर्कशीटवर एक प्रश्न हमखास असतो. दहा वाक्यं, प्रत्येकात एक गाळलेली जागा, शेजारी मूळ क्रियापद. सूचना एकच असते: सिंपल प्रेझेंट किंवा प्रेझेंट कंटिन्युअस वापरून जागा भरा. त्यातली दोन वाक्यं साधारण अशी असतात.

माय मदर ____ भाकरी एव्हरी मॉर्निंग.
लुक! माय मदर ____ भाकरी.

क्रियापद 'मेक'. पहिल्या जागेत 'मेक्स', दुसरीत 'इज मेकिंग'. पहिलं वाक्य रोजच्या रीतीबद्दल बोलतं, दुसरं आत्ता डोळ्यांसमोर चाललेल्या कामाबद्दल.

आता हीच दोन वाक्यं नांदेडच्या एखाद्या घरात ऐका. "माय रोज सकाळी भाकरी करती." "बघ, माय भाकरी करायली." लातूर-उदगीरकडे गेलात तर 'करायली'च्या जागी 'करूलाली' किंवा 'करलाली' ऐकू येईल. रूप थोडं बदलतं, पण फरक तोच राहतो. 'करती' म्हणजे नेहमीचं, 'करायली' म्हणजे आत्ता चाललेलं. तीन वर्षांचं पोरही यात चुकत नाही. "काय करायलास?" असं विचारलं तर ते "जेवायलो" म्हणतं, "जेवतो" म्हणत नाही.

म्हणजे वर्कशीट जो फरक विचारतं, तो मराठवाड्यातल्या मुलाच्या तोंडात शाळेत जाण्याआधीपासून असतो. तरीही याच मुलाच्या वहीत 'शी इज मेक', 'आय ॲम go' करावं तसं 'आय ॲम गो टू स्कूल एव्हरी डे', 'ही is नॉट कम' करावं तसं 'ही इज नॉट कम' अशी वाक्यं सापडतात. घरात इतका स्वच्छ असलेला फरक कागदावर का सांडतो? त्याचं उत्तर मुलाच्या बुद्धीत शोधून मिळत नाही. ते या गाळलेल्या जागेच्या इतिहासात मिळतं.

इंग्रजीलाही हा फरक जन्मजात नव्हता

आपण समजतो की इंग्रजीत हे दोन काळ पहिल्यापासून वेगळे होते. तसं नाही. शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' इ.स. १६००च्या आसपासचं नाटक. त्यात हॅम्लेट हातात पुस्तक घेऊन येतो आणि पोलोनियस त्याला विचारतो की महाराज, काय वाचताय? आजच्या वर्कशीटच्या हिशोबानं इथे 'आर यू रीडिंग' यायला हवं, कारण वाचन समोर चालू आहे. पण पोलोनियस सरळ 'डू यू रीड' या वळणानं विचारतो. त्या काळच्या प्रेक्षकाला त्यात काही खटकलं नाही. साधं रूप दोन्ही कामं करत होतं. आयएनजीचं रूप होतं, पण ते वापरलंच पाहिजे अशी सक्ती नव्हती.

ते रूप आलं कुठून, हेही मजेशीर आहे. जुन्या इंग्रजीत एखादा माणूस शिकारीला गेलेला असेल तर तो 'ऑन हंटिंग' आहे, म्हणजे शिकारीच्या कामावर आहे, असं म्हणत. बोलता बोलता 'ऑन'चा 'अ' झाला, 'अ-हंटिंग' असं रूप रुळलं आणि पुढे तो 'अ'सुद्धा गळाला. जुन्या इंग्रजीतलं आणखी एक, 'असणे' या क्रियापदाला जोडून येणारं रूपही यात मिसळलं. म्हणजे 'ही इज हंटिंग' या वाक्याच्या पोटात 'तो शिकारीवर आहे' अशी एक चित्रासारखी कल्पना दडलेली आहे.

आपल्या 'करूलाला'कडे पाहा. त्यात 'करू लागला' सहज ऐकू येतं. काम हाती घेतलं आणि ते चालू आहे, अशी ती कल्पना. इंग्रजांनी 'कामावर असणे' यातून चालू क्रियेचं रूप घडवलं, आपल्याकडच्या बोलीनं 'कामाला लागणे' यातून घडवलं. दोन्हीकडे एक आख्खा शब्दसमूह तोंडातोंडी झिजला आणि त्याचा काळ झाला.

इंग्रजीच्या व्याकरणकारांनी हे रूप पुढे हळूहळू तक्त्यात बसवलं. रॉबर्ट लाउथ या पाद्र्याचं इंग्रजी व्याकरण १७६२ साली आलं आणि ते फार गाजलं. त्यात त्यानं 'आय लव्ह' हे अनिश्चित वेळेचं रूप आणि 'आय ॲम लव्हिंग' हे निश्चित वेळेचं रूप असे दोन वेगळे रकाने दिले आहेत. गंमत अशी की त्यानं नमुन्याला घेतलेलं 'लव्ह' हेच क्रियापद आज वर्कशीटमध्ये 'याला आयएनजी लावू नका' या यादीत असतं. नियम दगडात कोरलेले नसतात, हे दाखवायला एवढं पुरे.

निजामाच्या शाळेतून पुण्याच्या पुस्तकाकडे

हा तक्ता मराठवाड्यात उशिरा आणि वळसा घालून पोचला. नांदेड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, तेही त्याच संस्थानात. तिथे सरकारी कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ तर उर्दू माध्यमाचं म्हणूनच देशभर ओळखलं गेलं. इंग्रजी हा तिथे एक सक्तीचा विषय होता, माध्यम नव्हतं.

घरात मराठी, शाळेत उर्दू आणि त्यातून इंग्रजी, असा त्या पिढीतल्या शिकणाऱ्याचा प्रवास होता. आपल्या प्रश्नापुरतं पाहिलं तर ही वाट वाईट नव्हती. उर्दूत 'जाता है' आणि 'जा रहा है' हे दोन रस्ते अगदी वेगळे आहेत. नांदेडच्या गल्लीत आजही ऐकू येणाऱ्या दखनीतही "क्या करते?" आणि "क्या कररे?" यांत गल्लत होत नाही. घरच्या मराठीतला 'करतो-करायला' हा जोड, उर्दूतला 'करता है-कर रहा है' हा जोड आणि इंग्रजीतला 'डज-इज डुइंग' हा जोड, हे तिन्ही एकमेकांवर बऱ्यापैकी बसतात.

१७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६०ला महाराष्ट्रात. शाळेतली उर्दू गेली, मराठी आली. ही मोठी आणि हवीशी गोष्ट होती. पण पुस्तकात आलेली मराठी पुण्या-मुंबईच्या वळणाची होती. १९६७ साली पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, सुरू झाली आणि राज्यभर एकच छापील मराठी पोचली. त्या मराठीत 'करायली' नव्हती. तिथे 'करत आहे' होतं.

आणि 'करायली' नुसती पुस्तकाबाहेर राहिली नाही. प्रमाण मराठीत 'करायला' या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. 'अभ्यास करायला बसलो' मधला तो 'करायला'. त्यामुळे "तो अभ्यास करायला" हे वाक्य पुणेरी कानाला अर्धवट वाटतं. करायला काय? बसला? गेला? मराठवाड्यातून पुण्यात शिकायला गेलेल्या पोरांनी हा प्रश्न आणि त्यामागचं हसू दोन्ही झेललेलं असतं. वहीत असं वाक्य आलं की त्यावर लाल रेघ येते. मूल शिकतं की हे रूप शाळेत काढायचं नाही. ज्या रूपानं इंग्रजीची गाळलेली जागा भरता आली असती, ते रूप ते वर्गाच्या दाराबाहेर चपलांसोबत काढून ठेवतं.

दोन पद्धतींची टक्कर

इंग्रजी शिकवण्याच्या पद्धतीही दोन दिशांनी आल्या. पहिली भाषांतराची. महाराष्ट्रात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य घ्यायचं, त्याचा काळ ओळखायचा, इंग्रजीत उतरवायचं. यात सिंपल प्रेझेंट आधी येतं आणि कंटिन्युअस नंतर, कारण तक्ता तसा असतो.

दुसरी पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यात आली. ए. एस. हॉर्नबी हा इंग्रज १९२४ साली जपानला शिकवायला गेला आणि तिथल्या अनुभवातून त्यानं क्रियापदांच्या रचनांचा मोठा अभ्यास उभा केला. भाषांतर न करता, वर्गात प्रसंग घडवून वाक्यरचना शिकवायची, असा त्याचा आग्रह होता. भारतात हा विचार 'स्ट्रक्चरल अप्रोच' या नावानं पसरला. १९५२च्या सुमाराला मद्रास राज्यानं त्यावर अभ्यासक्रम बांधला. १९५८ साली हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश सुरू झाली आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात ही पद्धत मुरली.

या पद्धतीत क्रम उलटा झाला. प्रेझेंट कंटिन्युअस आधी आलं. कारण सोपं आहे. ते करून दाखवता येतं. शिक्षक दाराकडे चालत जातात आणि म्हणतात, "आय ॲम वॉकिंग टू द डोअर." खडू उचलतात, "आय ॲम टेकिंग द चॉक." रोजची सवय अशी वर्गात करून दाखवता येत नाही. शिवाय आयएनजीचं रूप सरळ असतं. सिंपल प्रेझेंटमध्ये मात्र 'शी'ला एस लागतो, प्रश्नात 'डू-डज' येतात, नकारात 'डोन्ट-डझन्ट' येतात.

परिणाम असा की मुलाच्या कानावर 'आय ॲम', 'शी इज' इतकं आधी आणि इतकं भरपूर पडलं, की कर्त्यामागोमाग 'ॲम' किंवा 'इज' येतंच असा त्याचा समज झाला. पुढे सिंपल प्रेझेंट आलं तेव्हा ते त्याच साच्यात ओतलं गेलं. 'आय ॲम गो टू स्कूल' इथून जन्मतं. हे वाक्य दोन काळांची सरमिसळ दाखवत असलं, तरी मुलाच्या मनात काळाचा घोळ नसतो. त्याला 'ॲम' हा 'आय'चाच शेपूट वाटतो. हे ओळखायची खूण सोपी आहे. तेच मूल 'माय मदर'नंतर 'इज' न घालता 'माय मदर मेक' असं लिहीत असेल, तर घोळ सर्वनामाच्या शेपटीचा आहे. दोन्हीकडे 'इज' घालत असेल, तर तो साचा सगळीकडे पसरला आहे.

२०००च्या जूनपासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. गाणी, कृती आणि चित्रं घेऊन आलेल्या या इंग्रजीतही चालू क्रिया दाखवणं सोपंच होतं. आज मुलाच्या हातात येणारं वर्कशीट या सगळ्या थरांचं मिळून बनलेलं असतं. वरची चित्रं प्रसंग दाखवतात, खालचा तक्ता भाषांतरवाल्यांचा असतो आणि बाजूला एक चौकट असते: एव्हरी डे, ऑल्वेज, युज्वली दिसलं की सिंपल, नाउ, लुक, लिसन दिसलं की कंटिन्युअस.

मधली पायरी कुठे डगमगते

या चौकटीवर सात-आठ जागा बरोबर भरून होतात. उरलेल्या दोन-तीन जागांत चौकटीत बसणारा शब्दच नसतो, किंवा दोन्ही बाजूंचे शब्द एकाच वाक्यात येतात. तिथे मूल मराठीकडे वळतं, म्हणजे पुस्तकी मराठीकडे. आणि तिथे तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा 'जात असतो'चा. शाळेच्या मराठी व्याकरणात रीती वर्तमानकाळ शिकवतात. "मी रोज पहाटे फिरायला जात असतो." अर्थ शंभर टक्के सवयीचा, पण रूपात 'जात' आहे आणि 'असतो'ही आहे. 'असतो' म्हटलं की 'ॲम', 'जात' म्हटलं की 'गोइंग'. झालं 'आय ॲम गोइंग फॉर अ वॉक एव्हरी डे'. शब्दाला शब्द बरोबर, वाक्य चूक.

दुसरा खड्डा नकाराचा. 'येतो' आणि 'येत आहे' हे होकारात वेगळे आहेत. नकारात छापील मराठी दोघांना एकच रूप देते: 'येत नाही'. "टँकर रविवारी येत नाही" ही सवय झाली. "बघ, टँकर येत नाही" ही आत्ताची गोष्ट. बोलताना आपण 'येत नाहीये' म्हणून फरक सावरतो, पण लिहिताना तो सावर निघून जातो. इंग्रजीत मात्र पहिल्याला 'डझन्ट कम' आणि दुसऱ्याला 'इझन्ट कमिंग' लागतं. म्हणून होकाराच्या जागा नीट भरणारं मूलही नकाराच्या जागेत 'इज नॉट कम' लिहितं.

तिसरा खड्डा सगळ्यात खोल आहे, आणि तो बोलीतही आहे. बसणे, उभं राहणे, झोपणे, कपडे घालणे या क्रिया मराठी संपलेल्या धरते. माणूस खाली बसण्याची क्रिया करून मोकळा झाला, आता तो 'बसला आहे'. बाळ 'झोपलंय'. आजीनं नऊवारी 'नेसलीय'. इंग्रजी या सगळ्यांना चालू स्थिती मानते: 'इज सिटिंग', 'इज स्लीपिंग', 'इज वेअरिंग'. मराठीवरून उतरवलं की 'ही इज सॅट', 'द बेबी इज स्लेप्ट' अशी वाक्यं येतात. इथे घरची बोली मदत करत नाही. "बाळ झोपायलं" म्हटलं तर त्याचा अर्थ बाळ झोपेच्या वाटेवर आहे, अजून झोपलं नाही असा होतो.

जलदूतचं वर्कशीट

हे सगळं एका उदाहरणावर तपासून पाहू. २०१६च्या उन्हाळ्यात लातूर शहराला पाणी पुरवणारा मांजरा प्रकल्प कोरडा पडला. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली. एप्रिलच्या ११ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. पुढे पन्नास वाघिणींची, सुमारे पंचवीस लाख लिटरची गाडी सुरू झाली आणि पावसाळा येईपर्यंत या गाड्या येत राहिल्या. गाडीचं नाव जलदूत.

त्या एप्रिलमध्ये लातूरच्या एखाद्या वर्गात पुढची पाच वाक्यं दिली आहेत असं समजा.

१. लातूर ____ इट्स वॉटर फ्रॉम द मांजरा डॅम. क्रियापद 'गेट'.
२. धिस समर अ ट्रेन ____ वॉटर फ्रॉम मिरज. क्रियापद 'ब्रिंग'.
३. लुक! पीपल ____ इन अ लाँग क्यू. क्रियापद 'स्टँड'.
४. नाउ दे ____ द प्राइस ऑफ वॉटर. क्रियापद 'नो', म्हणजे माहीत असणे.
५. द टँकर ____ टू अवर लेन ऑन संडेज. क्रियापद 'कम', नकारात.

पहिल्या वाक्यात चौकटीतला एकही शब्द नाही. शिवाय त्या दिवशी धरणात पाणीही नाही. तरी शहराची रीत सांगायची आहे. घरी म्हणाल, "लातूरला मांजऱ्याचं पाणी येतं." 'यायलं' म्हणणार नाही. म्हणून 'गेट्स'.

दुसरं वाक्य या वर्कशीटचा गाभा आहे. इथे 'लुक' नाही, 'नाउ' नाही. वाक्य रात्री बाराला वाचलं तेव्हा गाडी कदाचित मिरजेला रिकामी उभी असेल. तरी उत्तर 'इज ब्रिंगिंग' हेच आहे, कारण ही व्यवस्था या उन्हाळ्यापुरती आहे. प्रेझेंट कंटिन्युअस म्हणजे 'या क्षणी' असं शिकलेलं मूल इथे अडतं. "औंदा मिरजंहून रेल्वे पाणी आणायली" असं म्हणून पाहिलं की ते अडत नाही. 'आणायली' म्हणणाऱ्याला गाडी डोळ्यांपुढे असावी लागत नाही, ते सध्या चालू आहे एवढं पुरतं.

तिसऱ्यात खड्डा आहे. "लोक रांगेत हुबे हायेत." यात 'उभे' आणि 'आहेत' दिसतात आणि हात 'आर स्टँड' लिहायला जातो. शरीराची ठेवण सांगणाऱ्या क्रियापदांना इथे इंग्रजीचा हिशोब लावायचा: 'आर स्टँडिंग'.

चौथ्यात चौकट उघडपणे फसवते. 'नाउ' आहे म्हणून मूल 'आर नोइंग' लिहितं. बोलीही या वेळी त्याच्याच बाजूनं साक्ष देते, कारण "आता कळायलंय पाण्याचं मोल" असं आपण बिनदिक्कत म्हणतो. इंग्रजीत मात्र माहीत असणं, आवडणं, जवळ असणं, हवं असणं या गोष्टी चालू काम म्हणून धरत नाहीत. उत्तर 'नो'. आपल्या इंग्रजीत 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' ऐकू येतं त्याचं मूळ इथेच आहे. 'मला समजत नाहीये', 'मला समजायलं नाही' ही आपल्याकडे निर्दोष वाक्यं आहेत.

पाचव्यात 'येत नाही'चा खड्डा आहे. तो ओलांडायचा तर आधी नकार काढून होकारी वाक्य करायचं. "टँकर रविवारी येतो" की "टँकर रविवारी यायला"? 'येतो'. मग इंग्रजीत 'कम्स', आणि त्याचा नकार 'डझन्ट कम'. शेवटी 'ऑन संडेज'ऐवजी 'टुडे' असतं आणि टँकर वाटेत अडकलेला असता, तर 'इझन्ट कमिंग' झालं असतं.

पाचपैकी तीन जागा 'करती का करायली?' या एका प्रश्नानं सुटल्या. दोन सुटल्या नाहीत आणि त्या का सुटल्या नाहीत हे नीट सांगता आलं: एकीत शरीराची ठेवण होती, दुसरीत मनातली गोष्ट. घरची बोली इंग्रजीची किल्ली नाही. पण ती छापील मराठीपेक्षा इंग्रजीच्या या फरकाजवळ आहे आणि वर्गात तिलाच प्रवेश नाही.

'तात्पुरतं' म्हणजे किती दिवस?

वर्कशीटची उत्तरपत्रिका गृहीत धरते की रोजचं काय आणि तात्पुरतं काय हे ठरलेलं आहे. मराठवाड्यात ते नेहमी ठरलेलं नसतं.

देगलूरहून किंवा अहमदपूरहून बारावी आणि नीटसाठी लातूरला खोली घेऊन राहणारा मुलगा घ्या. 'आय ____ इन लातूर.' क्रियापद 'लिव्ह'. उत्तरपत्रिका म्हणेल 'लिव्ह'. पण तो मुलगा स्वतःला लातूरचा समजत नाही. गावाकडे कुणी विचारलं तर तो "लातूरला राहायलो" म्हणेल. त्याच्यापुरतं 'ॲम लिव्हिंग' हे जास्त खरं उत्तर आहे. दोन वर्षं हा काळ इंग्रजीला तात्पुरता म्हणायला चालतो का? चालतो. इंग्रजी दिवस मोजत नाही. बोलणारा त्याकडे संपणारी गोष्ट म्हणून पाहतो का, एवढंच ती पाहते.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. घरं गेलेली माणसं आधी पत्र्याच्या शेडमध्ये राहिली आणि मग कितीतरी गावं नव्या जागी वसली. त्या शेडमधल्या पहिल्या महिन्यात 'वी आर लिव्हिंग इन अ टिन शेड' हेच वाक्य खरं. पण शेडमध्ये दिवस वाढत जातात, तिथेच पोरं शाळेत जाऊ लागतात, आणि एखाद्या दिवशी कुणाच्या तोंडून "आम्ही शेडात राहतो" असं निघून जातं. व्याकरणाचं रूप बदलल्याचा तो दिवस कुठल्याही सरकारी कागदावर नोंदलेला नसतो.

आणि मग ऊसतोडीचं वाक्य. 'माय पेरेंट्स ____ शुगरकेन.' क्रियापद 'कट'. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचा पट्टा पडतो, आईबाप कोयते घेऊन निघतात, मूल आजीजवळ राहतं किंवा हंगामी वसतिगृहात. उन्हाळ्याच्या तोंडाशी आईबाप परत येतात. हे दरवर्षी होतं, म्हणून 'कट'. पण जानेवारीत हे वाक्य लिहिणाऱ्या मुलाला आईबापाचा धंदा सांगायचा नसेल, ते आत्ता घरी का नाहीत हे सांगायचं असेल, तर 'आर कटिंग'. "माझे मायबाप ऊस तोडतात" आणि "माझे मायबाप ऊस तोडायलेत" ही दोन वाक्यं वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पहिलं 'ते काय करतात?' याचं, दुसरं 'ते कुठे आहेत?' याचं.

उत्तरपत्रिकेत एकच उत्तर छापलेलं असतं. त्यामुळे यांपैकी एक मूल चुकतं, आणि ते चुकत नाही. चूक प्रश्न काढणाऱ्याची असते. एखाद्या गाळलेल्या जागेत दोन्ही रूपं शोभत असतील, तर त्या वाक्यात काहीतरी कमी आहे. त्याला एक तुकडा जोडावा लागतो. 'धिस विंटर' जोडलं की 'आर कटिंग' आलं. 'एव्हरी विंटर' जोडलं की 'कट' आलं. तुकडा जोडायचा नसेल तर दोन्ही उत्तरांना गुण द्यावे लागतात. त्याआधी मुलाला विचारावं लागतं की तुला काय म्हणायचंय, तोडतात का तोडायलेत. हा प्रश्न त्याला समजतो. त्याचं उत्तर त्याच्याकडे असतं.